एकोणीस सेकंदांचे भाषण

निरोप समारंभातले भाषण हा मराठीतला एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे, असे मी वर्गात अर्धवट गमतीने सांगत असते. त्याचे संकेत इतके पक्के आहेत की एखाद्या विद्यार्थ्याने त्यावर छोटा प्रबंध लिहायला हरकत नाही. उत्सवमूर्ती आधी नको नको म्हणते, मग संस्थेने आपल्याला कसे घडवले ते सांगते, सहकाऱ्यांची नावे घेते, एखादे नाव राहिल्यास क्षमा मागते, घरच्या माणसांपाशी आली की गळा दाटतो आणि शाल-श्रीफळाच्या छायाचित्राने प्रयोग संपतो. यात खोटे काही नसते. पण भाषणातली माणसे बदलून पाहिली तरी भाषण तेच राहते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत ऐकलेल्या अशा भाषणांतले एकही वाक्य मला आज आठवत नाही.

२०२४च्या एप्रिलमध्ये आमच्या महाविद्यालयाचे क्रीडा संचालक निवृत्त झाले. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत, आणि इतक्या प्राध्यापकांच्या गर्दीत विशेषण न लावता ‘सर’ म्हटले की तेच, हे शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना ठाऊक होते. ते उभे राहिले, खिशातून चष्मा काढला, कापडी बांधणीची एक जाड वही उघडली आणि म्हणाले, “एकतीस वर्षांत माझ्या चमूतल्या मुलामुलींची पंधराशे मीटरची वेळ सरासरी १९ सेकंदांनी सुधारली. टाळ्या वाजवू नका, वाक्य अजून संपलेले नाही.”

पुढची पस्तीस मिनिटे ते वाक्य संपवत होते. म्हणजे, त्या एका आकड्याच्या पोटात काय काय दडले आहे ते एकेक करून बाहेर काढून टेबलावर मांडत होते. सभागृहात आधी चुळबुळ झाली, मग शांतता पसरली. वार्षिक अंकाची संपादक या नात्याने ते भाषण पुढे माझ्याकडे आले आणि त्यामुळे मला ते अनेकदा वाचावे लागले. ज्या गोष्टींसाठी ते मला लक्षणीय वाटते, त्यांपैकी काही इथे मांडते.

१५०० मीटरच का, हे त्यांनी आधी सांगून टाकले. आमचे मैदान मुरमाचे. फक्कीने आखलेली पट्टी २०० मीटरची. साडेसात फेऱ्या. शंभर मीटरमध्ये एक दशांश सेकंदाचा प्रश्न असतो आणि हाताने धरलेल्या घड्याळाची चूकच तेवढी असते. पाच हजार मीटर धावायला नव्या पोरांना आणता येत नाही. पंधराशे हे मधले अंतर. त्यात नवखा धावपटूही पुरा पोहोचतो आणि तरी काहीही लपून राहत नाही. त्यामुळे दर वर्षी पावसाने उघडीप दिली की पहिली चाचणी पंधराशेची, आणि डिसेंबरपर्यंतच्या शर्यतींमधली उत्तम वेळ तिच्यापुढच्या रकान्यात. वहीत दोनच रकाने, एकतीस वर्षे.

मग त्यांनी एक वर्ष उघडले, २००३चे. ते का निवडले, तर त्या वर्षाची सरासरी योगायोगाने नेमकी १९ सेकंद होती. दोन्ही रकाने भरलेली मुले सात. पहिला मुलगा ५ मिनिटे २० सेकंदांवरून ४ मिनिटे २६ सेकंदांवर आला, म्हणजे ५४ सेकंदांचा फरक. दुसऱ्याचा फरक ३४, मग १७, १२, ९ आणि ७. सातवा मुलगा ४ मिनिटे २२ सेकंदांवर आला होता आणि वर्षाअखेरीही ४ मिनिटे २२ सेकंदांवरच राहिला. त्याचा फरक शून्य. बेरीज १३३, सातने भागले की १९. “आता सांगा,” सर म्हणाले, “या सातांपैकी १९ सेकंदांनी सुधारलेला मुलगा कोणता?”

असा मुलगा नव्हता. पाच जण १९च्या खाली होते, दोघे बरेच वर. ५४वाल्याला यादीतून काढले तर उरलेल्या सहांची सरासरी १३ सेकंदांच्या आसपास येते. एक मुलगा सगळ्या चमूला सहा सेकंदांचे दान देऊन जातो, आणि ते दान घेतलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

इथे त्यांनी जे सांगितले ते त्या सभागृहातल्या किती जणांच्या ध्यानात राहिले कोण जाणे, पण मला ते भाषणाचे मर्म वाटते. जिथे विजेरी यंत्रणा नसते तिथे एकाच धावपटूवर तीन पंच तीन घड्याळे धरतात. दोन घड्याळे एकच वेळ दाखवत असतील तर ती वेळ ग्राह्य धरतात. तिन्ही वेगळ्या निघाल्या तर मधली वेळ धरतात. तिन्हींची सरासरी काढायची, असे नियमपुस्तकात कुठेही नाही. कारण उघड आहे: एका पंचाचा अंगठा उशिरा पडला तर सरासरीत ती चूक सगळ्यांच्या वाट्याला येते, मधल्या वेळेला ती शिवतही नाही. सर म्हणाले, “आमच्या धंद्यात एका शर्यतीची वेळ काढतानासुद्धा सरासरीवर विश्वास ठेवत नाहीत. आणि मी एकतीस वर्षांची काढून इथे आलो.” २००३च्या सात मुलांमधला मधला फरक १२ सेकंदांचा होता. म्हणजे सरळ रांगेत उभे केले तर तीन जण त्याच्या एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला. तो बारा सेकंदांचा मुलगा निदान अस्तित्वात तरी होता.

पण सर मधल्या आकड्यावरही थांबले नाहीत, आणि ते बरेच झाले. कारण ५४ सेकंदांचा मुलगा म्हणजे घड्याळाची चूक नव्हे. तो हाडामांसाचा होता आणि त्याची गोष्ट खरी होती.

तो जवळच्या वाडीवरून सायकलने यायचा. पहिल्या चाचणीत शिट्टी होताच असा सुटला की पहिली २०० मीटरची फेरी त्याने ३१ सेकंदांत घातली. तिसऱ्या फेरीत पाय जड झाले, पाचव्या फेरीत तो चालू लागला, मग लाजेने पुन्हा पळाला. एकूण वेळ ५ मिनिटे २०. याचा अर्थ फेरीमागे सरासरी बेचाळीस-त्रेचाळीस सेकंद. पण तशी एकही फेरी त्याने प्रत्यक्षात घातली नव्हती. (पुन्हा तेच: सरासरीचा मुलगा आणि सरासरीची फेरी, दोन्ही मैदानावर कधी दिसत नाहीत.) दोन आठवड्यांनी सरांनी त्याला पुन्हा पळवले. या वेळी स्वतः पट्टीच्या कडेला उभे राहून दर फेरीला ओरडून वेळ सांगितली आणि पहिल्या फेरीत ३८च्या आत आलास तर बाहेर काढीन, असा दम भरला. मुलाने ४ मिनिटे ५० सेकंदांत अंतर पुरे केले.

तीस सेकंद, दोन आठवड्यांत. हृदयाला, फुप्फुसांना, स्नायूंना बदलायला काही महिने लागतात. दोन आठवड्यांत तिथे फारसे काही घडत नाही. मग ते तीस सेकंद आले कुठून? सरांचे उत्तर असे: “ते त्याच्याकडेच होते. पहिल्या दोन फेऱ्यांत उधळले जात होते, एवढेच.” उरलेले २४ सेकंद मात्र पुढच्या चार महिन्यांत आले, सकाळच्या लांब संथ धावण्यातून आणि आठवड्यातून दोनदा केलेल्या तुकड्या-तुकड्यांच्या सरावातून. डिसेंबरातल्या ४ मिनिटे २६ सेकंदांत फेरीमागे साडेपस्तीस सेकंद येतात, आणि त्या दिवशी त्याच्या फेऱ्या खरोखरच साडेपस्तीसच्या आगेमागे होत्या. वहीत त्या साऱ्या लिहिलेल्या आहेत. एकाच मुलाच्या ५४ सेकंदांत असे दोन अगदी निराळ्या जातीचे पदार्थ मिसळले आहेत. एक शिकवून आलेला, दुसरा कष्टून आलेला. साहित्याच्या शिक्षकाला यातला पहिला प्रकार फार ओळखीचा वाटावा. परीक्षेत पहिल्या प्रश्नावर पाऊण तास घालवून शेवटचे दोन कोरे ठेवणारा विद्यार्थी आपण दर वर्षी पाहतोच.

आणि तो शून्यवाला? तो चमूतला सर्वांत वेगवान मुलगा. त्याला ऑगस्टअखेरीला हिवताप झाला, तीन आठवडे अंथरुणात गेले, उठला तेव्हा दोन फेऱ्यांत दम लागत होता. ४ मिनिटे २२ सेकंदांपर्यंत तो पुन्हा पोहोचला तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. “या वहीत मला सर्वांत जास्त घाम गाळून मिळालेला आकडा हा आहे,” सर म्हणाले, “आणि सरासरीत तो काहीच भर घालत नाही. उलट खाली ओढतो.”

सेकंद सगळे सारखे नसतात, हे सांगण्यासाठी त्यांनी देशाचे आकडे काढले. बहादूर प्रसाद यांनी १९९५ साली १५०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम ३ मिनिटे ३८ सेकंद असा केला. तो मोडायला २०१८ साल उजाडले. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिन्सन जॉन्सन यांनी ३ मिनिटे ३७.८६ सेकंद अशी वेळ दिली. म्हणजे तेवीस वर्षांत साऱ्या देशाची या शर्यतीतली कमाई चौदा शतांश सेकंदांची. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये जॉन्सन यांनीच तो विक्रम ३ मिनिटे ३५.२४ सेकंदांवर नेला, ही गोष्ट वेगळी. जगाचा विक्रम तर हिशाम अल गेरूजने १९९८ साली रोममध्ये केलेल्या ३ मिनिटे २६ सेकंदांवर अजून तसाच उभा आहे. इकडे वाडीवरचे पोर चार महिन्यांत चोपन्न सेकंद खाली येते. दोघांच्या कमाईला ‘सेकंद’ हा एकच शब्द आहे म्हणून आपण त्यांची बेरीज करतो. पाच मिनिटांवरून खाली येणे हे उतारावरून येण्यासारखे आहे, सव्वाचार मिनिटांनंतर मात्र तोच रस्ता चढाचा होतो.

त्यातून एक विचित्र गोष्ट निघते आणि सरांनी ती लपवली नाही. त्यांच्या पहिल्या दहा वर्षांची सरासरी २६ सेकंद होती, शेवटच्या दहा वर्षांची १३. आकडाच पाहायचा तर माणूस उत्तरोत्तर बिघडत गेला असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात काय झाले होते, तर पूर्वी मुले मैदानावर पहिल्यांदा पाय ठेवायची ती महाविद्यालयात आल्यावर. अलीकडची मुले आधीच धावत असतात, बरीचशी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी. ती येतात तीच पावणेपाच मिनिटांच्या आत. त्यांच्यात उधळायला आणि म्हणून वाचवायला फारसे काही उरलेले नसते. चमूची डिसेंबरातली वेळ या तीस वर्षांत पुष्कळ खाली आली. ‘सुधारणा’ मात्र निम्मी झाली. यशाचा आकडा आणि सुधारणेचा आकडा असे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालू लागले, आणि दोन्ही खरे होते.

यानंतर भाषणाचा जो भाग आला तो ऐकताना प्राचार्य थोडे अस्वस्थ दिसले, कारण सर आता स्वतःच्याच आकड्याला एकेक चिमटा काढू लागले. फक्कीचे उदाहरण मला विशेष आवडले. ज्या पट्टीला आतून उंच कडा नसते, तिथे अंतर मोजायचे ते आतल्या रेषेपासून वीस सेंटिमीटर बाहेर, कारण धावणारा रेषेवर पाय देत नाही, तिच्या किंचित बाहेरून धावतो. पावसाळ्यानंतर पट्टी नव्याने आखावी लागते. मैदानाचे मामा दोरी धरून वळणे काढीत. एखाद्या वर्षी ते वीस सेंटिमीटर विसरायचे आणि फक्की थेट मोजमापाच्या रेषेवरच पडायची. मग मुले प्रत्यक्षात वीस सेंटिमीटर जास्त त्रिज्येने धावत. फेरीमागे सव्वा मीटर जास्त. साडेसात फेऱ्यांत जवळपास साडेनऊ मीटर. सेकंदाला पाच मीटर या वेगाने दोन सेकंदांना थोडे कमी. पट्टी दोन्ही वेळा सारखीच चुकली तर प्रश्न नाही, फरक काढताना चूक चुकीला खाऊन टाकते. पण ऑगस्टात चुकली आणि दिवाळीनंतर बरोबर आखली गेली, तर सगळ्या चमूला दोन सेकंदांची सुधारणा फुकट. “ती मामांची,” सर म्हणाले, आणि पहिल्या रांगेतले मामा ओशाळून हसले.

दुसरा चिमटा अधिक खोल होता. पहिल्या रकान्यात एकच वेळ आहे: त्या दिवशी जी लागली ती. दुसऱ्या रकान्यात चार-पाच शर्यतींमधली उत्तम वेळ आहे. हे मुळातच असमान मोजमाप झाले. सरांनी फाशांचा दाखला दिला. एक फासा एकदाच टाका आणि पडेल तो आकडा लिहा. मग तोच फासा पाच वेळा टाका आणि त्यातला मोठा आकडा लिहा. असे पुष्कळदा करत राहिलात तर पहिल्या रकान्याची सरासरी साडेतीन येईल आणि दुसऱ्याची जवळजवळ साडेपाच. फासा मध्यंतरी काहीही शिकलेला नसतो. १९मधले किती सेकंद असे फाशाचे असतील? ते वेगळे काढण्याचा उपाय त्यांनी पुढे केला. शेवटच्या नऊ वर्षांत त्यांनी डिसेंबरातली एकच चाचणी, त्याच मैदानावर, आधी तारीख ठरवून घ्यायला सुरुवात केली. लागेल ती वेळ मान्य. त्या नऊ वर्षांत दोन्ही पद्धतींच्या सरासरीत चार सेकंदांचे अंतर पडले. विद्यापीठाच्या कृत्रिम धावपट्टीवरच्या शर्यती आणि आमचा मुरूम यांतला फरकही त्या चारांत आलाच.

मग आली कोऱ्या रकान्यांची गोष्ट.

वहीत एकंदर २१४ नावे आहेत. दोन्ही वेळा आहेत त्या १३७ जणांच्या. उरलेल्या ७७ नावांपुढे पहिली वेळ आहे आणि दुसऱ्या रकान्यात काही नाही. १९ सेकंद हा आकडा त्या १३७ जणांचा, टिकलेल्यांचा. सरांचा प्रश्न होता, गेलेल्यांचे काय धरायचे? त्यांना शून्य धरले तर सरासरी १२ सेकंदांवर येते. पण शून्य धरणे न्याय्य आहे का? २००३मध्येच अशी दोन नावे आहेत. एक मुलगा सप्टेंबरात पोलीस भरतीत निवडला गेला आणि प्रशिक्षणाला निघून गेला. त्याने सरांना पेढे आणून दिले होते. धावण्यामुळेच नोकरी लागली असे त्याची आई आजही सांगते. वहीत तो कोरा आहे. दुसऱ्याच्या पिंडरीत दुखणे निघाले, हाडाला बारीक चीर असल्याचे उशिरा कळले, आणि तो पुन्हा मैदानावर आला नाही. सरांनी सरळ सांगितले की त्या दोन महिन्यांत चमूचा सराव फार भराभर वाढवला गेला होता. तोही कोरा. एकाचे यश आणि एकाची दुखापत, दोहोंसाठी वहीत एकच चिन्ह.

मुलींची पाने त्यांनी हळूहळू उलटली. ७७ कोऱ्या नावांपैकी ४१ मुलींची आहेत, आणि एकूण मुली होत्या ६८. म्हणजे बहुतेकींची दुसरी वेळ नाहीच. कारणे त्यांनी मोजून दाखवली नाहीत, म्हणाले, “तुम्हाला ठाऊक आहेत.” यांतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. दुसऱ्या वर्षाला मराठी विशेष घेतले होते, अक्षर मोत्यासारखे. पहिली चाचणी ५ मिनिटे ५८ सेकंद. ऑक्टोबरच्या सुटीत लग्न ठरले. ती त्या दिवशी सभागृहात आली होती. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सरांनी तिचे नाव घेतले नाही. नुसते वर पाहून म्हणाले, “एक वेळ लिहायची राहिली आहे,” आणि पान उलटले. मी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती पदराने चष्मा पुसत होती, किंवा चष्मा पुसण्याचे निमित्त करत होती.

या सगळ्यानंतर मुख्य प्रश्न राहतोच: जे काही सेकंद उरतात, ते प्रशिक्षकाचे किती? सतरा-अठरा वर्षांचे शरीर आपोआप वाढते. नुसते रोज धावले तरी वेळ कमी होते. सरांशिवाय काय झाले असते हे कळायला सरांशिवायचा चमू हवा. योगायोगाने तसे एक वर्ष होते. एका शस्त्रक्रियेमुळे ते १९९९चा सारा हंगाम रजेवर होते आणि मुले आपापली धावली. चाचण्या मामांनी घेतल्या. सहा मुलांची सरासरी ११ सेकंद.

सभागृहात कुणीतरी हिशोब केला असणार, कारण मागून कुजबूज ऐकू आली. सरांनीच तो बोलून दाखवला: १९ उणे ११, म्हणजे प्रशिक्षकाचे ८. मग म्हणाले की हा हिशोबही त्यांना पटत नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी पटत नाही. सहा मुले म्हणजे फारच थोडी. एखादा चोपन्नवाला त्यात आला असता तर ११चे १७ झाले असते. शिवाय त्या वर्षी नव्या मुलांना पळवणारी तिसऱ्या वर्षाची दोन मुले होती, ती आधीची दोन वर्षे सरांच्याच हाताखाली धावलेली. पट्टीच्या कडेला उभे राहून फेरीची वेळ ओरडायची त्यांना सवय होती. “मी नसतानाही मी थोडा होतो,” असे ते म्हणाले आणि बहुधा आपण फार मोठे बोललो असे वाटून लगेच खाली वहीत पाहू लागले.

भाषण संपले तेव्हा टाळ्या उशिरा सुरू झाल्या. वाक्य आता संपले की नाही, याची लोकांना खात्री नव्हती.

पुढचे घडले ते कागदावर. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचा अहवाल तेव्हा तयार होत होता आणि क्रीडा विभागाच्या रकान्यात घालायला एक आकडा हवाच होता. समितीने भाषणातले पहिले वाक्य उचलले. ते स्वाभाविक होते. अशा रकान्यात पस्तीस मिनिटे मावत नाहीत. पण तेच वाक्य वार्षिक अंकातही मुख्य म्हणून जावे आणि पुढचा मजकूर ‘जागेअभावी’ गाळावा, अशी सूचना माझ्यापर्यंत आली. सूचनेत एक शब्द होता: ‘सकारात्मक’. गेल्या काही वर्षांत या शब्दाने किती मजकूर कापला आहे, याची मोजदाद कुणीतरी करायला हवी. असो.

संपादक म्हणून माझ्यापुढचा प्रश्न साहित्याचा होता असे मी मानते. पहिले वाक्य ठेवून बाकी कापले तर उरलेले वाक्य शब्दशः तेच राहते, पण त्याचा वक्ता बदलतो. “टाळ्या वाजवू नका” म्हणणारा माणूस त्यातून नाहीसा होतो आणि त्याच्या जागी टाळ्या मागणारा उभा राहतो. संक्षेपाने अर्थ कमी होतो असे आपण समजतो. इथे तो उलटा होत होता. मी प्राचार्यांना तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि पाने वाढणार नाहीत एवढीच अट घातली. मी संपादकीयाची दोन पाने आणि मागच्या वर्षीच्या सहलीचा वृत्तान्त काढला. सहलीवाली मुले माझ्यावर अजून नाराज आहेत, आणि त्यांचे काही चूक नाही.

मुद्रिते घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि सगळ्यात आधी पहिल्याच वाक्यातल्या एका शब्दाखाली रेघ ओढली. “मॅडम, तुमच्या विषयातले विचारतो. ‘वेळ सुधारली’ म्हणजे वेळ आपली आपण सुधारली की कुणी सुधारली?”

मी सांगितले की मराठीत हे क्रियापद दोन्ही तऱ्हांनी चालते. ‘प्रकृती सुधारली’ यात कर्ता प्रकृतीच. ‘मी चूक सुधारली’ यात कर्ता मी. रूप एकच. कर्ता वाक्यात लिहिला नाही तर ऐकणारा आपल्या मनाने घालतो, आणि निरोप समारंभात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य असेल तर कोणता घालतो हे उघडच आहे.

“म्हणजे न म्हणताच मी म्हणून गेलो,” ते म्हणाले. त्यांनी ‘सुधारली’ खोडून ‘कमी झाली’ असे लिहिले. थोडा वेळ पाहत राहिले. मग ‘चमूतल्या मुलामुलींची’ याच्या मागे बारीक अक्षरात ‘शेवटपर्यंत राहिलेल्या १३७’ असे घातले. वाक्य बोजड झाले. मी तसे म्हटले नाही, पण त्यांना ते दिसलेच, कारण ते म्हणाले, “वाचायला जड जाते, नाही? जाऊ दे.”

शेवटच्या पानावर २००३च्या सात मुलांचा तक्ता होता. मी तो सुधारणेच्या उतरत्या क्रमाने लावला होता: वर ५४, तळाला शून्य. त्यांनी बाणांनी सगळे क्रम बदलले आणि हजेरीपटाप्रमाणे नावे लावली. कोरे राहिलेले दोघेही मधेच आपापल्या जागी घातले आणि त्यांच्यापुढे दुसऱ्या रकान्यात एक-एक आडवी रेघ मारली. छापखान्यात ती रेघ पुसली जाऊ नये म्हणून समासात त्यांनी लिहून ठेवले: ‘चूक नव्हे. राहू द्यावी.’